पायलीभर निरोप

एकत्र कुटुंबातल्या आईला मुलाला निरोप द्यायचा असेल, तर पहिली अडचण येते ती जागेची. दोन खोल्यांच्या संसारात बाई दार लोटून हवं तेवढं रडू शकते. आमच्या घरात ती सोय नाही. माळ्यावर जावं तर तिथं कुणाचा तरी बारावीचा अभ्यास चाललेला असतो. पडवीत बसावं तर शेजारीण 'काय गं, डोळ्यात कचरा गेला का?' म्हणून फुंकर मारायला धावते. न्हाणीघरात पाण्याचा आवाज असतो खरा, पण तिथं पाच मिनिटं झाली की बाहेर बादली घेऊन माणूस उभा. शिवाय एकीला रडताना पाहिलं की बाकीच्या जावा सोबतीला बसतात, आणि मग मूळ रडणं कुणाचं होतं हे शोधून काढावं लागतं. म्हणून आमच्या थोरल्या वहिनींनी न रडण्याचा निर्णय घेतला आणि मुलगा पुण्याला राहायला जायच्या आठवड्यात त्या वाल मोजत बसल्या.

आमचं गाव वरसे. ते रोह्याला इतकं खेटून आहे की परगावी आम्ही स्वतःला रोहेकर म्हणवतो आणि घरपट्टी भरताना तेवढे वरसेकर होतो. पुतण्या रसायनशास्त्राचा पदवीधर. धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा आणि कुठल्याही पाळीहून आला तरी वहिनी त्याला गरम वाढायच्या. त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली. सूनबाईलाही तिथंच काम मिळालं. बावधनला जागा घेतली. पोरीची शाळा 15 जूनला सुरू होणार, म्हणून मे संपायच्या आत सामान हलवायचं ठरलं. आता वरशाहून पुणं म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. कोलाड, विळे, ताम्हिणीचा घाट, मुळशी, पौड की आलं पुणं. पण गावाला अंतराशी काय करायचंय? गावाचा प्रश्न एकच होता, "वाटणी झाली का हो?"

मी तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे हा प्रश्न सगळे मलाच विचारत. मी ओटीवर बसून समजावत असे की बाबांनो, माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला आणि त्याची चूल वेगळी झाली, एवढ्यावरून कायद्याने वाटणी होत नाही. सातबाऱ्यावरची नावं जिथल्या तिथं आहेत. लोक मान डोलवत आणि जाता जाता म्हणत, "म्हणजे अजून कागद व्हायचेत." कारकुनी करताना जे अनुभवलं तेच निवृत्तीनंतरही. माणसं खुलासा ऐकून घेतात आणि समजूत मात्र घरून आणलेलीच परत नेतात.

खरी अडचण गावाची नव्हती, कोठीची होती.

मे महिना म्हणजे आमच्याकडे बेगमीचा. पावसाचे चार महिने काढायचे म्हणून मसाला कुटून आणायचा, आमसुलं वाळवायची, पोह्याचे पापड लाटायचे, जवळा, सोडे, बोंबील उन्हं देऊन डब्यात भरायचे. ही सगळी बेगमी सामाईक. किल्ली आमच्या आईच्या, म्हणजे वहिनींच्या सासूच्या कमरेला. पण कारभार वहिनींचा. आणि तो कारभार कडक. कोठीतून बाहेर जाणारी वस्तू मापानेच जाईल, मग ती माहेरवाशीण नेवो नाही तर जावई. माझी पोलादपूरला बदली झाली तेव्हा मी मूठभर सोडे जास्त मागितले होते. वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, मूठ हे माप नाही." आता इतकी वर्षं सगळ्यांच्या मुठी मोजणाऱ्या बाईवर स्वतःच्या मुलाला द्यायची पाळी आली, आणि चारी बाजूंनी जावा बघतायत.

वहिनींनी काय केलं, तर भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, माजघरात सूप पसरून वाल मोजले. चार शेरांची एक पायली. तीही शिगोशीग नाही. मापावरून हात फिरवून सपाट केली आणि हातावरचे चार दाणे पुन्हा कणगीत टाकले. ते चार दाणे टाकताना त्यांनी ज्या तऱ्हेने इकडेतिकडे पाहिलं, त्या तऱ्हेने मी लेखापरीक्षण आटोपल्यावर साहेबांना पाहताना पाहिलं आहे. "एवढेच?" असं तीन जावा एकदम म्हणाल्या. वहिनींना हेच ऐकायचं होतं.

वालच का, हे घाटावरच्या वाचकाला सांगितलं पाहिजे. आमचे वाल कडवे. दाणा बारीक, तांबूस. घाटावर मिळतात ते मोठे, पांढरे आणि गोडे. त्यांच्याबद्दल आम्ही चांगलं बोलतो, पण घरी आणत नाही. भात कापून झालं की नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वरून पाणी द्यायचं नाही. ती ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर तो वाढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा वाळून हाताशी येतात. आमच्या घरातली बरीच माणसंही अशीच, कुणी खास पाणी न घालता मोठी झालेली. पुतण्याही त्यातलाच. असो.

मोजून झाल्यावर वहिनींना कळलं की नुसते वाल देऊन भागणार नाही. बिरडं करणार कोण? सूनबाई घरी येणार सात वाजता, पुतण्या साडेपाचला. वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुलाच शिकवते. पण बाहेर बोलू नकोस." ज्या घरात पुरुषाने चहाचा कप विसळला तर आजारी आहे का अशी चौकशी होते, तिथं हा मोठाच निर्णय होता.

शिकवणी सकाळी सुरू झाली. पुतण्या मोबाइलमध्ये टिपून घ्यायला बसला. मी वर्तमानपत्र आडवं धरून ऐकत होतो.

"किती तास भिजवायचे?"

"देवपूजा झाली की भिजत घालायचे, दिवेलागणीला उपसायचे."

त्याने 10 तास असं लिहिलं. "पाणी किती गरम?"

"कोमट."

"कोमट म्हणजे किती अंश, आई?"

"बोट घाल. काढून घ्यावंसं वाटलं तर जास्त झालं. काहीच वाटलं नाही तर कमी."

धाटावला हाच मुलगा अंशाच्या दशांशावरून ऑपरेटरला फैलावर घ्यायचा. त्याने निमूटपणे बोटाची खूण काढली.

"उपसले की धुऊन सुती फडक्यात बांधायचे. गाठ घट्ट, पण गळा आवळल्यासारखी नको. वर ताट झाकायचं."

"किती वेळ?"

"मोड येईपर्यंत."

"मोड यायला किती वेळ?"

"इथं उद्या सकाळी. तुझ्या पुण्यात थंडीत परवा."

यात मात्र त्या शास्त्राला धरून होत्या. आमच्याकडे हवेत दमटपणा, त्यामुळे फडकं सुकत नाही आणि उकाड्यात रात्रीत मोड डोकावतात. पुण्याच्या कोरड्या हवेत फडकं तासाभरात वाळतं. मग वरच्या थरातले दाणे तसेच राहतात आणि आतल्यांना तेवढे मोड येतात. म्हणून मधूनमधून पाण्याचा हबका मारायचा आणि थंडीत ते गाठोडं शेगडीजवळच्या उबेला ठेवायचं. पण ऊब जास्त झाली की उलटंच होतं. फडकं सोडल्यावर बोटाला तार आली आणि आंबूस वास सुटला, तर वाल बुळबुळले. मग धुऊन, जास्त मसाला घालून, कुणाला न सांगता वाढायचे नाहीत, सरळ टाकायचे. ही शेवटची सूचना वहिनींनी दोनदा दिली, कारण मुलाचा स्वभाव बापावर गेला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोलायचं काम होतं. एरवी आमच्याकडे वाल सोलायला बसणं म्हणजे संमेलन. परातीभोवती पाच-सहा जणी बसतात आणि सोललेल्या डाळिंब्यांपेक्षा सोललेली माणसं जास्त निघतात. पण वहिनींनी वेळ नेमकी निवडली. जेवणं झालेली, उकाडा असह्य, सगळं घर पंख्याखाली आडवं. मागच्या पडवीत आई आणि मुलगा, मध्ये परात. मी झोपाळ्यावर होतो, डोळे मिटून. कचेरीत ही कला चांगली कमावली आहे.

गरम पाण्यात थोडा वेळ ठेवलेल्या वालांची सालं सैल झाली होती. वहिनींनी एक दाणा अंगठा आणि पहिल्या बोटात धरला, जरा दाबला, आणि डाळिंबी टुणकन परातीत पडली. पुतण्याने दाबला तो उडून थेट माझ्या झोपाळ्याखाली गेला. दुसरा फुटला. तिसऱ्याला त्याने नख लावलं.

"नखाने नाही. पेराने. मोड असतो त्याच्या उलट बाजूने दाब."

तो दाबत राहिला. हळूहळू त्याची बोटं वळली. वहिनी बोलत होत्या, पण सगळं वालांबद्दल. मी वाट बघत होतो की आता काही मनातलं निघेल. पोरीला जप, तब्येतीला सांभाळ, आम्हाला विसरू नकोस, असं काहीतरी. निघालं ते असं: "हे बघ, हा फुगला नाही. दगडासारखा आहे. असले भिजल्यावर हाताने चाचपून आधीच बाजूला काढायचे. ते कधी शिजत नाहीत आणि नेमके पाहुण्याच्या दाताखाली येतात." मग सालं गोळा करताना, "ही गुरांना घालतात. तुझ्याकडे गुरं नाहीत." एवढं म्हणून थांबल्या. गुरांवरून एवढा वेळ कुणी थांबत नाही.

फोडणीच्या वेळी मतभेद झाले. तेल, मोहरी, हिंग, हळद, कांदा, मसाला, मग डाळिंब्या, आणि पाणी गरमच घालायचं, इथपर्यंत एकमत होतं. पळी जपून फिरवायची, नाही तर डाळिंब्यांचं पिठलं होतं, हेही त्याने मान्य केलं. वहिनी म्हणाल्या, "आमसूल आणि गूळ वाल शिजल्यावरच. आधी घातलंस तर वाल रुसतात, मग तासभर उकळ, मऊ व्हायचे नाहीत." पुतण्याचा चेहरा उजळला. इतक्या वेळाने त्याच्या विषयातलं काही आलं होतं. आंबट पदार्थामुळे दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं जे असतं ते सुटं होत नाही, म्हणून दाणा टणक राहतो, असं त्याने हातवारे करून समजावलं. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तेच म्हणते मी. रुसतात." मग खोबरं, कोथिंबीर. नारळाचं दूध घालायचं की नाही हा आमच्या घरात दोन जावांमधला जुना वाद आहे आणि त्यात मी शहाण्यासारखा कधी पडलो नाही.

कच्चे वाल टिकवायचे कसे, हा भाग राहिला होता. आम्ही न्हाणीघरातल्या बंबाची राख चाळून वालांना चोळतो आणि तसेच भरून ठेवतो. वालाला गोल भोक दिसलं की भुंगा आत राहून बाहेर पडला समजावं. त्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच शेंगेबरोबर येतात, त्यामुळे डबा कितीही घट्ट लावला तरी आतला पाहुणा आतच असतो. बावधनच्या तिसऱ्या मजल्यावर बंब कुठला आणि राख कुठली? पुतण्या म्हणाला, फ्रीजमध्ये ठेवू. फ्रीजमध्ये वाल! वहिनींनी असं पाहिलं, जणू मुलगा देवघरात चपला ठेवतो म्हणाला असावा. शेवटी राखेसकट पायली बांधली गेली आणि वर सुटी राखही दिली, एका पिशवीत. मुलाला पुण्याला जाताना राख बांधून देणारी आई रायगड जिल्ह्यात हीच असेल.

निघायच्या सकाळी छोटा हत्ती दारात लागला. सामान चढवताना गाठोडी घट्ट बसेनात, म्हणून पुतण्याने खालचे डबे काढून पुन्हा रचायला घेतले आणि तिथं घोळ झाला. एका उशीच्या अभ्र्यातून मसाल्याची बरणी निघाली. पोरीच्या दप्तरातून दुसरी. गादीच्या वळकटीतून तिसरी, तिच्यासोबत सोड्यांची पुडी. प्रत्येक बरणीत तोच मसाला, त्याच गिरणीतला, त्याच दिवशीचा. चिवड्याच्या डब्यात खाली वाल होते, वर चिवडा पसरलेला. अंगणात भयाण शांतता. तीन जावा तीन दिशांना बघत होत्या, त्यातली एक आमची ही. तिची बरणी मी ओळखली, कारण झाकण माझ्या औषधाच्या डब्याचं होतं. वहिनींनी एकेक बरणी उचलून पाहिली. कोठीतून मापाशिवाय एवढा ऐवज गेल्याचं त्यांच्या कारभारात प्रथमच उघडकीला आलं होतं. आम्ही सगळे निकालाची वाट पाहत उभे. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "बरण्या मध्ये ठेवा. कडेला फुटतील." आणि मग मी पाहिलं, आईच्या कमरेची किल्ली त्या दिवशी कमरेला नव्हतीच. ती कोठीच्या कुलपातच लटकत होती. कधीपासून, कोण जाणे.

सुकटीवरून आणखी एक फेरी झाली. तिघींनी तीन पिशव्यांत गुंडाळलेला जवळा ड्रायव्हरने दहा पावलांवरून ओळखला. सोसायटीत तो भाजायचा कसा यावर अंगणातच चर्चा सुरू झाली. खिडक्या लावून भाजला तर वास घरात मुरतो, उघडून भाजला तर जिन्यात. एका पुतणीने पावसात भाजावा असं सुचवलं. आई म्हणाली, "वरच्या मजल्यावर एक वाटी पाठवून द्या, म्हणजे कुणी बोलायचं नाही." या विषयावर इतका शहाणा सल्ला दुसरा कुणी दिला नाही.

मग दही, साखर, सूनबाईची ओटी, धावीर महाराजांपुढे नारळ फोडून आणलेला प्रसाद, सगळ्यांच्या पाया पडणं. आमच्याकडे पाया पडायला पाय पुष्कळ, त्यामुळे पुतण्या वाकला तो बराच वेळ वाकलेलाच होता. वहिनींची पाळी आली तेव्हा ड्रायव्हर घाटात ऊन होईल म्हणून हॉर्न वाजवत होता. वहिनींनी मुलाच्या शर्टाच्या खिशातून बाहेर आलेलं पेन नीट आत ढकललं. बस. गाडी कोलाडच्या रस्त्याला वळताना मात्र त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि मोठ्याने ओरडल्या, "आमसूल शेवटी रे!" समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. त्याला वाटलं, भाव विचारतायत.

संध्याकाळी सांत्वनाला बायका जमल्या. पुणं काही लांब नाही, हे प्रत्येकीने सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लांब कुठलं? मुळशीचं पाणी रोज खाली येतंच की. त्याला काय रजा काढावी लागते?" बाईंचा भूगोल पक्का. मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगरातून भिऱ्याच्या वीजघरात पडतं, तिथं वीज करून ते कुंडलिकेत सोडतात, 1927 पासून. म्हणून तर आमची नदी उन्हाळ्यातही वाहते आणि कोलाडला मुंबईचे लोक पैसे देऊन त्यात भिजतात. पोरगा ज्या तळ्याच्या काठाने पुण्याला गेला, तिथलंच पाणी दुसऱ्या दिवशी आमच्या नदीला. पाण्याला नुसतं खाली यायचं असतं, हा फरक कुणी वहिनींना सांगितला नाही.

आता उरली शिधापत्रिका. पुतण्याने जाताना माझ्या हातात एक अर्ज दिला होता. त्याचं, सूनबाईचं आणि पोरीचं नाव आमच्या कार्डावरून कमी करून दाखला घ्यायचा, म्हणजे पुण्यात नवं कार्ड निघेल. आमचं कार्ड केशरी. त्यावर धान्याचा दाणा येऊन किती वर्षं झाली ते कुणाला आठवत नाही. कार्डावर नुसती नावं, एका पानावर मावत नाहीत इतकी. अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही लागते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख झाली. आमच्या घरात ती कायद्याच्या बरीच आधी झाली होती. आईने चष्मा लावून अर्ज वाचला, 'नाव कमी करणे' इथं बोट ठेवलं आणि विचारलं, "का? काय केलंन् त्याने?" मग समजावून सही घेतली.

तो अर्ज घेऊन मी निघालो तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, हे लगेच होतं का हो?"

मी म्हणालो, "कागद पुरे आहेत. साहेब जागेवर असले तर काहीच वेळ लागत नाही."

"साहेब असतात का जागेवर?"

मी उभा जन्म त्या खुर्च्यांभोवती काढला. कोणता साहेब कधी जागेवर असतो ते मला पाठ आहे. मी वहिनींकडे पाहिलं आणि म्हणालो, "हल्ली रजेवर असतात."

रात्री माझ्या ताटात डाळिंब्यांचा दुसरा वाढा न मागता आला. अर्ज सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुतण्याचा फोन येतो, "काका, आता ऑनलाइन होतं ना ते?" मी सांगतो की सर्व्हर डाउन आहे, एवढ्यासाठी बसून राहण्यात अर्थ नाही, तू एकदा स्वतःच ये आणि येताना मूळ कागद घेऊन ये. कागद कोणते, ते अजून सांगितलेलं नाही. एकेक करून सांगणार आहे.